व्हीपीएन चालू केलं म्हणजे आपण अदृश्य होतो का?

दिवाळीत आसगावला गेलो होतो. मामेभाऊ म्हणाला, "दादा, मी व्हीपीएन घेतलं. आता फेक अकाउंटवरून कोणालाही काहीही लिहिलं तरी मी सापडत नाही."

"काहून? अकाउंट कोणत्या नंबरवर उघडलंस?"

"माझ्याच."

मग त्याच्याच फोनवर तपासलं. व्हीपीएन सिंगापूरला जोडलं. ब्राउझरमध्ये आयपी ॲड्रेस पाहिला, तर सिंगापूरचा. तो खूश! मग मॅप्स उघडलं, तर निळा ठिपका आसगावातच. कारण व्हीपीएन फक्त आयपी बदलतं, जीपीएस नाही. नंतर myactivity.google.com उघडलं. पाच मिनिटांपूर्वीचे सर्च त्याच्याच नावाच्या खात्यात जमा झालेले. लॉगिन असेल तर आयपी कुठलाही असो, गूगल तुम्हाला ओळखतंच.

"पण माझा आयपी तर लपला ना?"

वेबसाइटपासून लपला, व्हीपीएन कंपनीपासून नाही. तुमचा डेटा आधी तिच्या सर्व्हरवर जातो, त्यामुळे खरा आयपी तिला दिसतो. सिम कंपनीला तुम्ही कोणती साइट पाहता ते दिसत नाही, पण व्हीपीएनला जोडलात हे कळतं. शिवाय सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, संपर्क आणि दिलेला आयपी किमान 5 वर्षं जपून ठेवायचा आहे. त्यामुळेच काही कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले.

म्हणजे स्टेशनच्या फुकट वायफायवर व्हीपीएन कामाचं आहे. ओळख पुसायला नाही.

भावाने ते फेक अकाउंट तिथेच डिलीट केलं.