शहाळ्याचे शिळे पाणी व कापलेले खोबरे

शहाळे किंवा नारळ फोडून एक दिवस ठेवल्यावर त्याच्या पाण्याच्या आणि खोबऱ्याच्या वासात, चवीत, रंगात व स्पर्शात होणारे बदल. न फोडलेल्या धड शहाळ्याच्या आत पाणी जवळजवळ निर्जंतुक असते. कोयत्याचे पाते, विक्रेत्याचा हात, स्ट्रॉ आणि बाटली यांच्याबरोबर जंतू आत जातात, म्हणून शिळेपणाचे तास कोयता बसला त्या क्षणापासून मोजावेत. शहाळे कधी विकत घेतले याला त्यापुढे महत्त्व नाही.

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात, नीरेकाठी वसलेल्या अकलूजला हा हिशेब विशेष कडक असतो. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा चाळिशी ओलांडतो. कापलेले, नासणारे अन्न ३२ अंशांपेक्षा जास्त उष्णतेत तासाभराहून अधिक काळ बाहेर ठेवू नये, हा सर्वसाधारण संकेत आहे. आजाऱ्यासाठी म्हणून दुपारी बाटलीत भरून घेतलेले पाणी स्कूटरच्या डिकीतून घरी येते आणि ओट्यावरच विसरले जाते, तेवढ्यात हा तास उलटलेला असतो.

पाणी. ताज्या पाण्यात शंभर मिलिलिटरला साधारण चार-पाच ग्रॅम साखर, बरेचसे पोटॅशियम आणि अगदी सौम्य आंबटपणा असतो. गोडीच्या मागे किंचित खारट चव लागते ती या क्षारांमुळे. जंतूंना आणि यीस्टला एवढे पोषण पुरते. पहिला बदल चवीत येतो: गोडी बोथट होते आणि पाणी सपक लागते. मग वासात ताडीची आठवण येते, बाटलीच्या कडेला बारीक बुडबुडे धरतात आणि झाकण फिरवले की ‘फुस्स’ आवाज होतो. त्यापुढे आंबूसपणा, गढूळपणा आणि शेवटी वर सायीसारखा चिकट पडदा. फिलिपिन्समध्ये नारळाच्या पाण्यावर असाच पडदा मुद्दाम वाढवून ‘नाटा द कोको’ नावाचा जेलीसारखा गोड पदार्थ करतात. पण तेथे जंतू निवडलेला असतो. ओट्यावरच्या बाटलीत कोण वाढते आहे ते ठाऊक नसते.

वैशाखातल्या दुपारी बाराला दोन बाटल्या भरल्या, असे धरू. एक लगेच फ्रीजमध्ये गेली, दुसरी टेबलावर राहिली. टेबलावरच्या बाटलीतली गोडी दुपार कलण्याआधीच उतरू लागते, दिवेलागणीला बुडबुडे दिसू शकतात आणि सकाळी ती उघडून वास घेण्याचीही गरज उरत नाही. चार अंशांच्या आसपास असलेल्या फ्रीजमधली दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बहुधा पिण्याजोगी राहते. त्यापुढे ती ओतून द्यावी. मधे वीज जाऊन फ्रीज बराच वेळ बंद राहिला असेल, तर ही मुदतही धरू नये.

गुलाबी रंगाने बरेच जण घाबरतात. पाण्यातल्या फिनॉल जातीच्या द्रव्यांवर त्याच्याच विकरांची क्रिया होऊन, हवेच्या संपर्कात ते गुलाबी किंवा तपकिरी होते. कापलेले सफरचंद काळवंडते तसेच. एकट्या गुलाबी छटेवरून पाणी नासले असे म्हणता येत नाही, मात्र ते बराच वेळ उघडे होते एवढे कळते. गुलाबीबरोबर आंबूस वास असेल तर विचार करीत बसू नये.

खोबरे. ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मे पाणी आणि तिसरा हिस्सा चरबी असते. पाण्यामुळे ते आंबते, चरबीमुळे खवट होते, आणि या दोन बिघाडांचा वेग वेगळा आहे. एका दिवसात दिसतो तो पहिला: तुकडा बोटांना बुळबुळीत लागतो, चावल्यावर आंबूस लागतो, डब्याला कुबट वास सुटतो. शहाळ्याची मलई याहून लवकर जाते, कारण ती मऊ आणि पाणीदार असते. खवलेला नारळही तुकड्यांच्या आधी जातो, कारण खवल्याने त्याची हवा लागणारी बाजू कितीतरी पटींनी वाढते.

खवटपणा सहसा सावकाश येतो. नारळाच्या चरबीत लॉरिक आम्ल सर्वांत जास्त असते. बुरशी व जंतू ते मोकळे करतात तेव्हा जिभेवर साबणासारखी चव राहते. म्हणून आजच फोडलेल्या नारळाचा तुकडा साबणकट लागला, तर दोष आजचा नसतो. नारळ आधीच तडकलेला असतो, किंवा डोळ्यापाशी ओल धरून आत बुरशी गेलेली असते. अकलूजच्या अकलाईच्या देवळात फोडलेल्या नारळाच्या प्रसादाचे तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून घरी येतात. देवाचे म्हणून ते टाकवत नाहीत, आणि आषाढातल्या दमट हवेत पिशवीला आतून घाम फुटतो. तुकडे पुसून, कोरड्या झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवल्यास ते दोन-तीन दिवस टिकतात. वाटीला मीठ चोळण्याची जुन्या रीतीने जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाही.

वासाची मर्यादा. याची दोन टोके दाखवणाऱ्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. डेन्मार्कमध्ये ६९ वर्षांच्या एका गृहस्थाने स्ट्रॉ खोचून पिण्याजोगे, वरून तासलेले शहाळे विकत आणले. ते फ्रीजमध्ये ठेवायचे होते. त्याने ते महिनाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले. त्याने घोटभरच पाणी घेतले, चव घाण लागली म्हणून शहाळे उघडून पाहिले, तर आत चिकट व कुजलेले. त्याने ते फेकूनही दिले. साडेचार तासांनी घाम, मळमळ व उलट्या सुरू झाल्या, मग गोंधळल्यासारखे होऊ लागले, आणि रुग्णालयात दाखल केल्यापासून २६ तासांत तो वारला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार बुरशीने तयार केलेले ३-नायट्रोप्रोपिऑनिक आम्ल हे त्याचे कारण होते. अकलूजसारख्या उसाच्या मुलखात हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे: चीनमध्ये १९७०-८० च्या दशकांत बुरशी आलेला ऊस खाऊन झालेल्या विषबाधांमागे हेच विष होते. तासलेले शहाळे दिसते बंद, पण कवच पातळ झाल्याने ते धड नारळाइतके टिकत नाही. त्याची चव पाहण्यासाठी घोट घेणे हीच चूक ठरते. आधी वास, मग आतला भाग पाहावा.

जावामध्ये याच्या उलट घडले. खोबऱ्याच्या चोथ्यापासून केलेल्या ‘तेंपे बोंगक्रेक’मध्ये एका जंतूमुळे बोंगक्रेकिक आम्ल हे विष तयार होई. त्याला वास नाही, चव नाही, आणि शिजवल्यानेही ते जात नाही. अनेक मृत्यूंनंतर १९८८ मध्ये त्या पदार्थाच्या उत्पादनावर बंदी आली. आंबलेले पाणी उकळून किंवा बिघडलेले खोबरे फोडणीत घालून ‘मारून’ घ्यावे, या घरगुती युक्तीला म्हणूनच आधार नाही. उकळल्याने जंतू मरतात, त्यांनी सोडलेले प्रत्येक विष मरत नाही.

नाकाने नको म्हटले की तुकडा टाकावा. नाकाने हो म्हटले तरी घड्याळाला विचारावे. हा नियम लहान मुले, गरोदर बाई व आजारी माणूस यांच्या बाबतीत ढिला करू नये, आणि शहाळी नेमकी त्यांच्यासाठीच आणली जातात.