एक वर्षाखालील बाळाला मध का देऊ नये?

बाळगुटी सहाणेवर उगाळून मधातून चाटवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. मात्र वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मधाचे बोटही लावू नका. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते सहसा रुजत नाहीत, पण बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. मध शुद्ध असला किंवा उकळला तरी ते मरत नाहीत.

समजा, ३ महिन्यांच्या बाळाने मध चाटला. बहुतेक बाळांना काही होत नाही; तरी मध थांबवा आणि महिनाभर लक्ष ठेवा. सुरुवात बहुधा बद्धकोष्ठतेने होते. अंगावर पिणाऱ्या बाळाला काही दिवस शी न होणे नेहमीचे असू शकते. पण सोबत दूध ओढणे मंदावले, रडणे क्षीण झाले, पापण्या जड झाल्या किंवा मान सैल पडली, तर ताप नसला तरी लगेच रुग्णालयात न्या आणि मध दिल्याचे सांगा. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर १०८ वर फोन करा.

वर्षाच्या आत मीठ, साखर, गूळ, पिण्यासाठी गाई-म्हशीचे दूध आणि घशात अडकणारे अख्खे शेंगदाणेही टाळा.