सोन्याचे वास्तव व्याजदर-डॉलर प्रतिमान

सोन्याच्या भावातील चढउतार अमेरिकेचा वास्तव व्याजदर आणि डॉलरचे मूल्य या दोन चलांवरून समजून घेण्याची सांख्यिकीय रीत. वास्तव व्याजदर म्हणजे महागाई वजा जाता उरणारा परतावा. तो बहुधा अमेरिकी सरकारच्या महागाई-संरक्षित दहा वर्षांच्या रोख्यांवरून घेतात. सोने व्याज देत नाही. म्हणून असे रोखे जास्त देऊ लागले की सोने बाळगणे महाग पडते. डॉलर वधारला की इतर चलनांत सोने महागते, मागणी घटते आणि डॉलरमधला भाव उतरतो.

भाव, व्याजदर आणि डॉलर यांच्या नुसत्या पातळ्या एकमेकींशी जोडल्या तर फसगत होते. वर्षानुवर्षे सरकत जाणाऱ्या दोन मालिकांत काही नाते नसले तरी ते घट्ट भासते, हे ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्ये दाखवले. म्हणून आठवड्याचे किंवा महिन्याचे बदल घेतात:

`Δln(G) = a + b·Δr + c·Δln(D) + e`

येथे `G` सोन्याचा भाव, `r` वास्तव व्याजदर, `D` डॉलर निर्देशांक आणि `e` न उलगडलेला भाग. `b` व `c` दोन्ही ऋण यावेत अशी अपेक्षा असते. व्याजदर वाढला की अनेकदा डॉलरही वधारतो, त्यामुळे कोणाचा वाटा किती, हे वेगळे काढणे मात्र कठीण जाते.

२०१३ हे या प्रतिमानाचे सर्वांत बोलके वर्ष. फेडरल रिझर्व्ह रोखेखरेदी आवरती घेणार, अशी चिन्हे दिसताच वास्तव व्याजदर उणे ०.७ टक्क्यांवरून वर्षअखेर ०.८ टक्क्यांवर गेला. डॉलर निर्देशांक जवळपास जागेवरच होता, तरी सोने औंसामागे सुमारे १,६६० डॉलरवरून १,२०० पर्यंत घसरले.

२०१३ मधील व्याजदरवाढ आणि `ln(G)` मधील घट यांचे हेच प्रमाण २०२२ ला लावून पाहावे. त्या वर्षी वास्तव व्याजदर उणे १ वरून १.६ टक्क्यांवर चढला, म्हणजे २.६ अंकांची वाढ. त्या हिशेबाने १,८०० डॉलरचे सोने सुमारे १,०३० वर यायला हवे होते. निर्देशांक आठ टक्के वधारल्याने त्याहूनही खाली. प्रत्यक्षात वर्षअखेर भाव होता १,८०० च्या किंचित वर.

या तफावतीचे एक कारण समीकरणाबाहेर होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाच्या परकीय गंगाजळीचा मोठा भाग गोठवला गेला. डॉलरमधली ठेव अडकू शकते हे अनेक देशांनी पाहिले. मध्यवर्ती बँकांनी त्या वर्षी हजार टनांहून अधिक सोने घेतले, आधीच्या दशकातील सरासरीच्या दुपटीहून जास्त. हा ग्राहक व्याजदर पाहून खरेदी करत नाही आणि समीकरणात त्याला जागाच नाही. ही खरेदी तिसरे चल म्हणून घालणेही सोपे नाही, कारण तिचा मोठा भाग अधिकृत आकड्यांत दिसत नाही.

प्रतिमान बिघडल्याची खूण `e` मध्ये सापडते. तो शून्याच्या दोन्ही बाजूंना हिंदकळायला हवा. महिनोन्महिने एकाच बाजूला साचू लागला, तर एखादे चल बाहेर राहिले आहे असे समजावे. २०२२ नंतर नेमके हेच घडले. व्याजदराच्या बातमीवर सोने त्या दिवसापुरते जुन्याच दिशेने हलते, पण २०२५ मध्ये ४,००० डॉलर ओलांडणारी पातळी या दोन चलांतून निघत नाही.