हीमोग्लोबिनची पकड : कोपनहेगन ते एव्हरेस्ट

१९०४ मध्ये कोपनहेगन येथे ख्रिश्चन बोर, हासेलबाल्क व क्रोघ यांनी असे दाखविले की, कार्बन डाय-ऑक्साइड वाढला असता रक्ताची प्राणवायूवरील पकड सैल होते. ऊतकांत हा वायू पाण्याशी संयोग पावून प्रोटॉन मुक्त करतो. ते हीमोग्लोबिनला जडून त्यास प्राणवायू सोडावयास लावतात. फुप्फुसांत याच्या उलट घडते.

परंतु शुद्ध केलेले हीमोग्लोबिन तांबड्या पेशींतील हीमोग्लोबिनपेक्षा प्राणवायू अधिक घट्ट का धरते, हे कोडे १९६७ मध्ये उलगडले. राइनहोल्ड व रूथ बेनेश यांनी पेशींतील बिसफॉस्फोग्लिसरेटकडे लक्ष वेधले : त्याचा एक रेणू प्राणवायुरहित हीमोग्लोबिनला जडून ती अवस्था स्थिर करतो. उंच प्रदेशी हे द्रव्य वाढते असेही लवकरच आढळले. तेव्हा सैल पकड हाच विरळ हवेवरील उपाय होय, असे वाटू लागले.

१९८१ च्या एव्हरेस्ट मोहिमेने या समजुतीस मर्यादा घातली. शिखरावर तीव्र श्वसनामुळे फुप्फुसांतील कार्बन डाय-ऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या सुमारे ४० मिलिमीटरांवरून ७.५ वर उतरला. प्रोटॉन घटल्याने बिसफॉस्फोग्लिसरेटच्या परिणामावर मात होऊन पकड घट्ट झाली असावी, असे गणिताने निघाले. तेथे प्राणवायू सोडण्यापेक्षा तो फुप्फुसांत मिळविणेच अधिक दुष्कर असल्याने ती हितकरच होय.