458 चा आकडा येतो कुठून?

दोन वर्षांपूर्वी माझा एक जुना पेशंट दवाखान्यात वही घेऊन आला. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, मधुमेह आठ-नऊ वर्षांचा, आणि हिशोबाची सवय हाडात मुरलेली. तीन महिने त्यांनी खाल्लेल्या प्रत्येक घासाच्या कॅलरी लिहून ठेवल्या होत्या, रोजची बेरीज लाल शाईने. तरी HbA1c मात्र 7.1 वरून 7.9 वर गेलेला.

वही चाळताना एक नोंद डोळ्यांत भरली. संध्याकाळी पाच वाजता ते पूर्वी मूठभर भाजलेले शेंगदाणे खात. पुड्यामागचे लेबल वाचून त्यांनी ते बंद केले आणि त्याऐवजी चार बिस्किटे सुरू केली. "डॉक्टर, दाण्यांपेक्षा रोज चाळीस कॅलरी वाचतात," त्यांनी मला समजावले. बेरीज-वजाबाकी अगदी बरोबर होती. चूक कुठे होती हे त्यांना सांगायला मला सव्वाशे वर्षे मागे जावे लागले, आणि तीच गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

आधी शब्द. 'कॅलरी' हे उष्णतेचे माप आहे. 1820 च्या आसपास पॅरिसमध्ये निकोला क्लेमां नावाचे प्राध्यापक वाफेच्या इंजिनांवर व्याख्याने देत, त्यांत हा शब्द येतो. एक किलो पाणी एक अंश सेल्सियसने तापवायला लागणारी उष्णता म्हणजे एक कॅलरी. पुढे काही शास्त्रज्ञांनी किलोऐवजी ग्रॅम धरला आणि घोळ झाला. म्हणून आज लेबलवर kcal म्हणजे किलोकॅलरी छापतात, आणि आपण बोलताना तिलाच कॅलरी म्हणतो. म्हणजे अन्नाचे हे माप मुळात बॉयलरचे आहे.

अन्नातली उष्णता मोजायची तर ते जाळायचे. यासाठी 'बॉम्ब कॅलरीमीटर' वापरतात. नाव भयंकर, पण वस्तू साधी: जाड पोलादाचे घट्ट बंद भांडे. त्यात वाळवून दळलेला एखादा ग्रॅम पदार्थ ठेवतात, हवेच्या दाबाच्या पंचवीस-तीस पट दाबाने ऑक्सिजन भरतात, ते भांडे पाण्यात बुडवतात आणि विजेच्या तारेने आतला पदार्थ पेटवतात. पाणी किती तापले ते पाहायचे. समजा पाणी दोन किलो आहे आणि त्याचे तापमान तीन अंशांनी वाढले, तर (भांड्याने स्वतः घेतलेली उष्णता सोडून) त्या ग्रॅममध्ये सहा किलोकॅलरी होत्या. शेंगदाण्याचा एक ग्रॅम साधारण इतकीच उष्णता देतो.

पण आपले पोट म्हणजे पोलादी भांडे नव्हे. लाकडाचा भुसाही त्या भांड्यात छान जळतो, तो खाऊन कोणी जगत नाही. जळताना निघणाऱ्या उष्णतेपैकी माणसाला प्रत्यक्ष किती मिळते, हा खरा प्रश्न होता. त्यामागे चिकाटीने लागलेला माणूस म्हणजे विल्बर ऑलिन ॲटवॉटर, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात मिडलटाऊन गावच्या वेस्लियन विद्यापीठातला रसायनशास्त्राचा प्राध्यापक. जर्मनीत कार्ल फोइट आणि त्यांचा शिष्य माक्स रुबनर यांनी या विषयाचा पाया घातला होता. ॲटवॉटर तिथे जाऊन ते शिकून आले.

परत आल्यावर त्यांनी एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाच्या मदतीने एक खोली बांधली. खोली म्हणण्यापेक्षा कपाटच. साधारण सात फूट लांब आणि चार फूट रुंद. धातूच्या दुहेरी भिंती, बाहेरून लाकूड. आत एक घडीचा पलंग, एक खुर्ची, एक टेबल. यात माणूस काही दिवस राही. जेवण झडपेतून आत जाई, मलमूत्र झडपेतूनच बाहेर येई. माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता नळ्यांतून खेळवलेले गार पाणी शोषून घेई, आणि ते किती तापले यावरून हिशोब होई. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइडही मोजत. काही प्रयोगांत आतल्या माणसाला सायकल मारायला लावत. आज आपण एमआरआयच्या यंत्रात वीस मिनिटे पडून राहायला कुरकुर करतो, तेव्हा मला या मंडळींची आठवण येते.

हिशोब जुळला. आत गेलेली ऊर्जा आणि बाहेर आलेली ऊर्जा यांत एक टक्क्याचाही फरक राहिला नाही. माणसाचे शरीरही ऊर्जेच्या त्याच नियमाने चालते हे सिद्ध झाले. (याच खोलीत ॲटवॉटर यांनी दारूही तपासली आणि दारूतूनही शरीराला ऊर्जा मिळते असे जाहीर केले. दारूबंदीवाले त्यांच्यावर भयंकर चिडले. पण आकडा टिकला: ग्रॅमला सात.)

आता लेबलचा मूळ आकडा कसा निघाला ते पाहा. प्रथिनांचे उदाहरण घेऊ. एक ग्रॅम प्रथिन जाळले तर सरासरी 5.65 किलोकॅलरी मिळतात. पण शरीर प्रथिन पूर्ण जाळत नाही. त्यातले नत्र युरियाच्या रूपाने लघवीतून जाते आणि सोबत साधारण 1.25 किलोकॅलरी घेऊन जाते. उरल्या 4.40. शिवाय खाल्लेले सगळे पचतही नाही. ॲटवॉटर यांनी माणसांचे जेवण आणि त्यांची विष्ठा दोन्ही तपासून ठरवले की प्रथिनांपैकी सुमारे 92 टक्के शोषले जाते. 4.40 चे 92 टक्के म्हणजे 4.05. झाले, प्रथिनाला 4. याच रीतीने स्निग्ध पदार्थांना 8.9, म्हणजे 9, आणि कर्बोदकांना 4. एकोणिसावे शतक संपता संपता हे आकडे ठरले आणि आजही जगभरच्या लेबलांवर तेच चालतात.

यातली मेख अशी की 92 टक्के, 95 टक्के या सरासऱ्या त्या काळच्या अमेरिकी मिश्र आहाराच्या आहेत: मांस, दूध, अंडी, पाव. एकूण दिवसाच्या जेवणाला त्या चांगल्या लागू पडतात. एकेका पदार्थाला लावल्या की गडबड होऊ शकते.

आणि तुमच्या हातातल्या पुड्यासाठी कोणी काही जाळलेलेच नसते. प्रयोगशाळेत नत्र मोजतात आणि 6.25 ने गुणून प्रथिन ठरवतात. तेल-तूप द्रावकाने वेगळे करतात. पाणी वाळवून काढतात, उरलेले भट्टीत जाळून राख तोलतात. शंभरातून हे सगळे वजा केले की जे उरते ते कर्बोदक. म्हणजे पुष्कळदा कर्बोदक मोजलेले नसते, ती बाकी असते. चोथाही त्यातच येतो, तो वेगळा मोजला असेल तरच वेगळा दिसतो. अनेक उत्पादक तर नुसत्या पाककृतीवरून आणि तक्त्यांवरून गणित करतात. समजा बिस्किटाच्या पुड्यावर 100 ग्रॅमला प्रथिन 7, कर्बोदक 76 आणि फॅट 14 लिहिले आहे. 7 चोक 28, 76 चोक 304, 14 नवे 126. बेरीज 458. घरातला पुडा काढा आणि करून पाहा, उत्तर छापील आकड्याच्या अगदी जवळ येईल. फार फरक आला तर बहुधा चोथा किंवा साखरेऐवजी घातलेला एखादा गोड पदार्थ कमी दराने धरलेला असतो. चोथ्याला 4 नव्हे, 2 धरण्याची पद्धत आहे. आकड्यात थोडी सूटही असते. अमेरिकेत प्रत्यक्ष कॅलरी छापलेल्यापेक्षा वीस टक्क्यांपर्यंत जास्त निघाल्या तरी लेबल चालते.

आता शेंगदाणे. 100 ग्रॅमला प्रथिन 25, फॅट 48 आणि चोथ्यासह कर्बोदक 16 धरले तर 4-9-4 च्या हिशोबाने 596 होतात. तीस ग्रॅमच्या मुठीला 179. तीस ग्रॅम बिस्किटांना 137. आमच्या गृहस्थांचे वाचलेले चाळीस ते हेच.

पण दाण्यातले तेल पेशींच्या भिंतींमागे कोंडलेले असते. जे चावून फुटत नाही ते तसेच आतड्यातून पुढे सरकते. 1980 मध्ये अमेरिकेत हे तपासले गेले. आहारातला स्निग्धांश अख्ख्या शेंगदाण्यांतून दिला तेव्हा त्यातला जवळजवळ 18 टक्के शौचातून बाहेर पडला, दाण्याच्या लोण्यातून दिला तेव्हा सुमारे 7, आणि नुसत्या तेलातून दिला तेव्हा साडेचार. ॲटवॉटर यांचा हिशोब फक्त 5 टक्के तोटा धरतो. 2012 मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी अठरा माणसांना बदाम खाऊ घालून, त्यांची विष्ठा व लघवी तपासून असाच हिशोब केला. 28 ग्रॅम बदामांना लेबलप्रमाणे 170 च्या आसपास, प्रत्यक्षात मिळाल्या 129. पुढे त्यांनीच दाखवले की बदाम दळून लोणी केले की हा फरक राहत नाही. दाण्यांचेही असेच. अख्खे दाणे आणि दाण्याचे बारीक कूट यांचे लेबल एकच, पण शरीराला मिळणारे वेगळे. बिस्किटांत असे काही सुटत नाही: मैदा दळलेला, शिजलेला, तेल मोकळे.

शेंगदाण्यांच्या मुठीत साडेचौदा ग्रॅम तेल. त्यातले आणखी 13 टक्के निसटले असे धरले तर जेमतेम दोन ग्रॅम, म्हणजे सतरा किलोकॅलरी. 179 चे झाले 162. चाळिसाची बचत पंचविसावर आली. एवढेच असते तर मी त्यांना काही बोललोही नसतो, पंचवीस कॅलरीने कोणाचे काही बिघडत नाही.

बिघडले ते दुसरीकडे. चार बिस्किटांत 23 ग्रॅम कर्बोदक होते, बहुतेक मैदा आणि साखर. दाण्यांच्या मुठीत पाच, त्यातला निम्मा चोथा. ॲटवॉटर यांच्या खोलीत उष्णता मोजली जात होती, रक्तातली साखर नव्हे. ऊर्जेच्या रकान्यात एक ग्रॅम साखर आणि एक ग्रॅम प्रथिन दोघांनाही 4 मिळतात. मधुमेह्याने पाहायचा तो रकाना त्याखाली असतो: कर्बोदके, त्यातली एकूण साखर, त्यातली वरून घातलेली साखर. भारतात हे आता लेबलवर द्यावेच लागते. आणि तो आकडा 100 ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा, हेही वरच्या ओळीत पाहायचे, कारण 'एक वाढप' म्हणजे दोन बिस्किटे असू शकतात आणि आपण चहाबरोबर सहा खातो.

मी त्यांना दाण्यांची मूठ परत दिली, खारवलेले नकोत एवढीच अट घातली, कारण रक्तदाबही आहे. गोळ्या तशाच ठेवल्या. तीन महिन्यांनी HbA1c 7.2 आला. फक्त बिस्किटांमुळेच फरक पडला असे मी म्हणणार नाही, त्या काळात त्यांचे सकाळचे फिरणेही वाढले होते. वही त्यांनी सोडलेली नाही. मागच्या खेपेला दाखवली, तेव्हा कॅलरींशेजारी हिरव्या शाईचा नवा रकाना होता: कर्बोदके, ग्रॅममध्ये. आणि दाण्यांपुढे कंसात, 'अख्खे'.