टेस्टर रजेवर, दूध दारात! संस्थेचं काम एका माणसावर अडू नये यासाठी काय करावं?

गावातल्या बहुतेक प्राथमिक दूध संस्थांत माणसं मोजकीच असतात. सचिव, टेस्टर आणि एखादा मापाडी. त्यात फॅट काढणारा एकच. त्याच्या घरी लग्न निघालं किंवा तो तापाने झोपला की सकाळी कॅन घेऊन आलेल्या सभासदांनी करायचं काय? दूध काही उद्यापर्यंत थांबत नाही. उन्हाळ्यात तर दोन-चार तासांतच नासायला लागतं.

म्हणून आधी बघायचं की कोणतं काम किती वेळ थांबू शकतं. ऑडिटचे कागद आठवडाभर थांबतात, दहा दिवसांचं बिल एखादा दिवस ओढून नेता येतं. मोजमाप, फॅट-एसएनएफ तपासणी आणि टँकरला दूध देणं मात्र त्याच वेळी व्हावं लागतं. तेव्हा दुसऱ्या माणसाला पहिल्यांदा शिकवायची ती तपासणी.

फक्त 'मशिनवर बटण कसं दाबायचं' हे दाखवून भागत नाही. समजा सकाळी ११० सभासद येतात आणि संकलन ६ ते साडेसात. म्हणजे ९० मिनिटांत ११० जण, एकाला साधारण ४९ सेकंद. नवख्याला एका नमुन्याला दीड मिनिट लागलं तर तेच काम १६५ मिनिटांवर जाईल, म्हणजे पावणेतीन तास. आठ वाजता येणारा टँकर तोवर निघून गेलेला असेल. म्हणून सराव संध्याकाळच्या पाळीत करावा, तेव्हा दूध आणि गर्दी दोन्ही कमी असतात. पहिले तीन-चार दिवस नुसतं शेजारी उभं राहून बघायचं. मग नवीन माणसाने करायचं आणि टेस्टरने बघायचं. शेवटी टेस्टरने बाहेर बाकावर बसायचं, हाक मारल्याशिवाय आत यायचं नाही. खरी परीक्षा तीच.

हात बसला की नाही हे कळायला सोपी युक्ती आहे. एका पाळीतले दहा नमुने दोघांनी वेगवेगळे तपासायचे, एकमेकांचा आकडा न बघता. फॅटमध्ये ०.१ च्या आत फरक असेल तर ठीक. त्याहून जास्त आला तर बहुतेक वेळा दोष मशिनचा नसून नमुन्याचा असतो. कॅनमधलं दूध नीट न ढवळता वरूनच नमुना घेतला तर साय येते, फॅट जास्त दिसतं. फेस असलेलं दूध लावलं तर हवा शिरते, आकडा चुकतो. दुसरी चूक मशिन धुण्याची. पाळी संपल्यावर कोमट पाण्याने मशिन धुतलं नाही तर आत स्निग्धांश साचतो आणि दुसऱ्या दिवशी आकडे हळूहळू सरकतात. सभासदाला दर फॅटवर मिळतो, त्यामुळे भांडण इथूनच सुरू होतं.

बिलाचं काम वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागतं, कारण अर्धा हिशेब सचिवाच्या डोक्यात असतो. अमक्याची पेंडीची कपात दोन हप्त्यांत, तमक्याची उचल या वेळी कापू नका, असल्या गोष्टी. त्या आधी वहीत आल्या पाहिजेत. मग एका दहा दिवसांचं बिल सहायकाने स्वतंत्र काढावं आणि सचिवाच्या बिलाशी जुळवावं. सभासदांचं एकूण लिटर, त्यातून गावात विकलेलं दूध वजा करून, संघाच्या पावतीशी थोड्या घट-वाढीत जुळलं पाहिजे. जास्त फरक आला तर नोंद कुठेतरी सुटलीय असं समजावं.

आता काही कामं शिकवून होत नाहीत. बँकेतली सही ही त्यातली एक. सचिवाला दवाखान्यात ठेवल्यावर चेकवर दुसऱ्याने सही केली तर बँक ती घेत नाही. त्यासाठी आधीच व्यवस्थापक समितीत ठराव करून दुसऱ्या पदाधिकाऱ्याची सही बँकेत नोंदवावी लागते. ओटीपीचंही तसंच आहे. सगळे ओटीपी सचिवाच्या मोबाईलवर येत असतील तर दुसऱ्याला काम येऊनही उपयोग नाही. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देण्यापेक्षा सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्याच्या नावाने वेगळं लॉगिन काढून घ्यावं, म्हणजे कोणी काय बदललं ते दिसतं.

एक पथ्य मात्र पाळा. बदली माणूस आला म्हणून माप, फॅट आणि पैसे वाटप ही तिन्ही एकाच हातात देऊ नका. मापाडी टेस्टिंगला बसला तर माप त्या दिवशी दुसऱ्याने, अगदी एखाद्या संचालकाने करावं.

शिकलेलं टिकवायला आठवड्यातून एक संध्याकाळ बदली माणसाकडेच द्या. सहा महिने हात न लावलेल्या माणसाला ऐनवेळी बोलावलं तर तो पुन्हा दीड मिनिटावरच येतो. आणि मशिनजवळ भिंतीवर एक कागद चिकटवा: मशिन सुरू करण्याचा क्रम, धुण्याची पद्धत, टँकर चालकाचा आणि मशिन दुरुस्त करणाऱ्याचा नंबर, लाईट गेली तर बॅटरी कुठे जोडायची ते.