खरा आकडा आणि खोटा वाटलेला आकडा: ओझोनच्या भोकाची गोष्ट

मागच्या आठवड्यात ऑफिसमध्ये एका डॅशबोर्डवर एक आकडा अचानक खूप खाली गेला. आमच्यापैकी प्रत्येकाची पहिली प्रतिक्रिया एकच होती: सेन्सर गंडला असणार. तो खरंच गंडला होता, त्यामुळे ती गोष्ट तिथेच संपली. पण मला आठवला १९८० च्या दशकातला एक आकडा, जो असाच खाली गेला होता आणि खरा होता. आजचा भाग त्याच्याबद्दल आहे.

आधी ओझोन नक्की करतो काय ते बघू. ते कळलं की बाकीची गोष्ट आपोआप उलगडते.

आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात. ओझोनमध्ये तीन. जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर सूर्याचे सगळ्यात तीव्र अतिनील किरण ऑक्सिजनच्या रेणूवर आदळतात आणि त्याचे दोन तुकडे करतात. त्यातला एक सुटा अणू शेजारच्या ऑक्सिजनच्या रेणूला चिकटला की झाला ओझोन. आता या ओझोनवर अतिनील किरण पडला की तो किरण शोषला जातो आणि ओझोन तुटतो: एक ऑक्सिजनचा रेणू, एक सुटा अणू. पण तो सुटा अणू क्षणात दुसऱ्या ऑक्सिजनला चिकटतो आणि ओझोन परत तयार. मधल्या मध्ये किरणाच्या ऊर्जेची उष्णता झाली. म्हणून तर त्या थरात वर जावं तशी हवा गार न होता उबदार होत जाते.

म्हणजे ओझोनचा थर ही भिंत नाही. ती सतत तुटणारी आणि सतत जुळणारी साखळी आहे. अतिनील किरणांमधला यूव्ही-सी हा सगळ्यात घातक भाग वरच संपतो. त्वचा भाजणारा, कॅन्सरला आणि मोतीबिंदूला कारण होणारा यूव्ही-बी बराचसा ओझोन अडवतो. यूव्ही-ए जवळजवळ तसाच खाली येतो. आणि एवढं सगळं करणारा ओझोन किती? डोक्यावरचा सगळा ओझोन गोळा करून समुद्रसपाटीच्या दाबाखाली आणि शून्य अंश तापमानात पसरला, तर थर होईल जेमतेम ३ मिलिमीटरचा. या ३ मिलिमीटरला शास्त्रज्ञ ३०० डॉब्सन युनिट म्हणतात.

हे नाव गॉर्डन डॉब्सन या ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञाचं. त्याने १९२० च्या दशकात ओझोन मोजायचं जे उपकरण बनवलं, त्याची युक्ती मला फार आवडते. सूर्यप्रकाशातले अतिनील किरणांचे दोन रंग घ्यायचे. एक असा, जो ओझोन भरपूर शोषतो. दुसरा असा, जो ओझोन फारसा शोषत नाही. जमिनीवर उभं राहून दोघांची तुलना करायची. पहिला जितका फिका, तितका डोक्यावर ओझोन जास्त. बास.

असंच एक उपकरण ब्रिटिशांनी अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर, हॅली बे नावाच्या तळावर बसवलं आणि १९५७ च्या सुमारास मोजणी सुरू झाली. पुढची पंचवीस-तीस वर्षं कोणी ना कोणी तिथे थंडीत उभं राहून आकडे टिपत राहिलं. काम अत्यंत कंटाळवाणं. जो फरमन या शास्त्रज्ञाला हे मोजत राहण्याचं समर्थन वेळोवेळी करावं लागायचं, कारण दरवर्षी तेच तेच आकडे मोजायला पैसे कशाला, हा प्रश्न कुठल्याही हिशेबनीसाला पडणारच.

१९७७ मध्ये जोनाथन शँकलिन नावाचा तरुण त्यांच्याकडे लागला. त्याच्या वाट्याला आलं साचलेल्या कागदी नोंदी संगणकात भरून आकडेमोड करणं. आपल्या भाषेत, डेटा क्लीनिंगचा बॅकलॉग. त्या काळात स्प्रे कॅनमुळे ओझोन संपतोय अशी चर्चा होती. संस्थेत लोकांसाठी खुला दिवस होता, तेव्हा शँकलिनला दाखवायचं होतं की बघा, ओझोन काही बदललेला नाही. त्याने आलेख काढला, आणि वसंतातले आकडे घसरलेले निघाले. तिकडचा वसंत म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर. जिथे ऑक्टोबरची सरासरी पूर्वी ३०० च्या आसपास असायची, तिथे १९८४ पर्यंत ती २०० च्या खाली आली होती.

त्यांनीही आधी उपकरणावरच संशय घेतला. उपकरण बदललं, नव्यानेही तेच सांगितलं. उत्तरेकडच्या दुसऱ्या ब्रिटिश तळावरही थोडी घट दिसली. मग फरमन, गार्डिनर आणि शँकलिन यांचा लेख मे १९८५ मध्ये 'नेचर'मध्ये आला.

आता सगळ्यांच्या मनात येणारा प्रश्न. तेव्हा नासाचा निंबस-७ उपग्रह १९७८ पासून वरून ओझोन मोजत होता. त्याला हे दिसलं नाही?

इंटरनेटवर याचं एक उत्तर फिरतं: नासाच्या सॉफ्टवेअरने कमी आकडे चुकीचे समजून फेकून दिले. मीही कॉलेजात हेच ऐकलं होतं, आणि दोन-चार जणांना रंगवून सांगितलंही होतं. ते अर्धवट खरं आहे. प्रोग्रॅममध्ये १८० च्या खालच्या आकड्यांवर खूण करायचा नियम होता, कारण तोवर इतका कमी ओझोन कुणी पाहिलाच नव्हता. पण खूण केली म्हणजे पुसलं असं नव्हे. आकडे जागेवरच होते. १९८४ मध्ये पी. के. भारतिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अंटार्क्टिकावर अशा खुणांची गर्दी दिसली. त्यांनी योग्य तेच केलं, जमिनीवरच्या मोजणीशी ताडून पाहिलं. दक्षिण ध्रुवावरच्या तळाचे आकडे मात्र ३०० च्या आसपास सांगत होते. म्हणजे उपग्रह चुकला असणार! प्रत्यक्षात चुकीचे होते ते ध्रुवावरचे आकडे. ते उलगडून शोधनिबंधाचा सारांश एका परिषदेला पाठवेपर्यंत ब्रिटिशांचा लेख 'नेचर'च्या वाटेवर होता.

या प्रकारात मला कुणी खलनायक दिसत नाही. संशयास्पद आकडा दिसला तर दुसऱ्या स्रोताशी तुलना करा, हे आपण सगळे शिकलोय. दुसरा स्रोतच खोटं बोलत असेल तर काय, याचं सोपं उत्तर नाही. उपग्रहाचा एक उपयोग मात्र नंतर झाला. हॅलीत दिसलं ते एका ठिपक्यावरचं होतं, उपग्रहाच्या नकाशाने दाखवलं की घट अख्ख्या खंडावर पसरलीय.

पण ध्रुवावरच का? फ्रीज आणि स्प्रे कॅन तर अमेरिका-युरोपात होते.

फ्रीजमधला तो वायू म्हणजे सीएफसी. १९२८ मध्ये शोधला गेला तेव्हा तो वरदान वाटला: विषारी नाही, पेट घेत नाही, कशाशी रासायनिक क्रिया करत नाही. तोच गुण अंगलट आला. खाली कुठेच न मोडल्यामुळे तो वर्षानुवर्षं तरंगत वर जातो आणि तिथल्या अतिनील किरणांनी तुटून क्लोरीन सोडतो. हे मोलिना आणि रोलँड यांनी १९७४ मध्येच सांगितलं होतं. क्लोरीनचा अणू ओझोनचा एक ऑक्सिजन पळवतो, पुढे तो सोडून देतो आणि परत मोकळा होतो, पुढच्या ओझोनकडे जायला. आपण मघाशी पाहिलेली साखळी तुटते ती इथे. एक क्लोरीन असे हजारो, कधी लाखभर ओझोन रेणू संपवू शकतो.

मात्र एरवी हा क्लोरीन बहुतेक वेळ कैदेत असतो, दुसऱ्या रेणूंशी बांधलेला, निरुपद्रवी. अंटार्क्टिकात कैद उघडते. हिवाळ्यात तिथे महिनोन्‌महिने अंधार असतो आणि वाऱ्याचं एक प्रचंड कडं ध्रुवाभोवती फिरत आतली हवा कोंडून ठेवतं. तापमान उणे ७८ अंशांच्या खाली गेलं की त्या उंचीवर ढग बनतात, जे एरवी तिथे नसतात. त्या ढगांच्या कणांच्या पृष्ठभागावर बांधलेला क्लोरीन सुटा होतो आणि अंधारात साचत राहतो. सप्टेंबरात सूर्य उगवला की स्फोटच. काही आठवड्यांत १४ ते २० किलोमीटरच्या पट्ट्यातला ओझोन जवळजवळ संपतो. डिसेंबरपर्यंत कडं मोडतं, बाहेरची हवा शिरते, भोक भरतं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. उत्तर ध्रुवावर डोंगररांगांमुळे उठणाऱ्या लाटा ते कडं हलवत राहतात, थंडी तेवढी टिकत नाही, म्हणून तिथली घट सौम्य असते. २०२० सारखं एखादं फार थंड वर्ष अपवाद.

ढगांची ही कल्पना सुझन सॉलोमन यांनी मांडली आणि १९८६ मध्ये त्या स्वतः अंटार्क्टिकात मोजायला गेल्या. पुढच्या वर्षी नासाचं विमान चिलीहून थेट त्या थरात शिरलं. १६ सप्टेंबर १९८७ च्या उड्डाणाचा आलेख प्रसिद्ध आहे: विमान भोकात शिरतं तशी क्लोरीन मोनॉक्साइडची रेघ वर चढते आणि ओझोनची त्याच जागी कोसळते, खाचाखोचांसकट आरशातल्यासारखी. योगायोग असा, की त्याच तारखेला माँट्रियलमध्ये सीएफसी कमी करण्याच्या करारावर सह्या होत होत्या. सुरुवातीचा करार तसा मवाळ होता, नंतरच्या दुरुस्त्यांनी कडक झाला. गरीब देशांना बदलासाठी पैसे देणारा निधी १९९० मध्ये ठरला आणि १९९२ मध्ये भारतही आत आला.

मग ओझोन बरा होतोय का? हो, पण सावकाश. सीएफसीचे काही प्रकार हवेत पन्नास ते शंभर वर्षं टिकतात, त्यामुळे नळ बंद केला तरी टाकी हळूहळूच रिकामी होते. शिवाय एखाद्या वर्षीचं भोक मोठं की लहान यावरून काही ठरवता येत नाही, कारण ते त्या हिवाळ्याच्या थंडीवर, ज्वालामुखीच्या उद्रेकांवर अवलंबून असतं. २०१५ मध्ये चिलीतला काल्बुको फुटला आणि भोक एकदम वाढलं. म्हणून सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी ऑक्टोबर सोडून सप्टेंबर बघितला, जेव्हा नाश नुकता सुरू होतो आणि क्लोरीनचा परिणाम जास्त स्वच्छ दिसतो. २०१६ च्या त्यांच्या निष्कर्षानुसार सप्टेंबरचं भोक २००० पासून सुमारे ४० लाख चौरस किलोमीटरने आकसलं होतं.

आणि मोजणारे अजून मोजतायत, हे २०१८ मध्ये दिसलं. सीएफसी-११ हवेतून जितक्या वेगाने कमी व्हायला हवा होता तितका होत नव्हता. कुणीतरी बंदी असूनही बनवत होतं. कोरिया आणि जपानमधल्या केंद्रांच्या नोंदींवरून वाऱ्याची दिशा उलटी लावत शास्त्रज्ञ पूर्व चीनपर्यंत पोचले. त्यानंतर ते उत्सर्जन पुन्हा घटलं.

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाचा अंदाज असा: जगाच्या बहुतेक भागांत ओझोन २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, उत्तर ध्रुवावर २०४५, आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या आसपास. म्हणजे मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी. तोवर हॅलीमध्ये दर वसंतात तोच आकडा टिपला जात राहील.